तिसांतले वीस

गेल्या रविवारी मी एका जेवणाचे ९६० रुपये भरले. त्यांपैकी ४८० रुपये माझ्या ताटाचे होते आणि ४८० रुपये माझ्या आईच्या ताटाचे. आई त्या दिवशी तिथे नव्हतीच, ती घरी मुगाची खिचडी खात होती. खरा हिशेब केला असता, तर आम्हां दोघांचे मिळून २८८ रुपये झाले असते. राहिलेल्या ६७२ रुपयांसाठी माणसाने आठवडाभर झोप घालवू नये, हे मला समजते. परंतु ते ज्या रीतीने गेले, ती रीत आठवली की मला रात्री दोन वाजताही कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटते.

आमच्या आजोबांची कोकणात साठ हापूस कलमांची बाग आहे. ती त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली असल्यामुळे मृत्युपत्राने हवी तशी वाटून देण्याचा त्यांना अधिकार होता, आणि त्यांनी तिन्ही मुलांना प्रत्येकी ३० टक्के व आमच्या आत्याला १० टक्के असा हिस्सा लिहून ठेवला. पुढे माझे वडील मृत्युपत्र न करताच गेले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे अशा वेळी पत्नीला आणि प्रत्येक मुलाला व मुलीला सारखा वाटा मिळतो. आजी तेव्हा हयात असती, तर तिलाही तितकाच मिळाला असता. परंतु ती आधीच गेली होती. त्यामुळे आई आणि आम्ही चार भावंडे मिळून पाच वाटेकरी झालो, आणि वडिलांच्या ३० टक्क्यांतले २० टक्के, एवढा प्रत्येकाचा हिस्सा ठरला. यंदा बाग १,८०,००० रुपयांना कराराने दिली होती. त्याचे ३० टक्के म्हणजे ५४,००० आणि त्या ५४,०००चे २० टक्के म्हणजे १०,८०० रुपये. आत्याला सरळ १० टक्क्यांनी १८,००० मिळाले. पैसे थोरल्या चुलतभावाने चोख वाटले आणि सगळे खूश होऊन जेवायला बसले. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

जागा निर्माण केली आमच्या भावजींनी, म्हणजे आत्याच्या जावयांनी. भावजींनी उभी नोकरी इतरांचे हिशेब तपासण्यात घालवली असून, निवृत्तीनंतर ती सवय त्यांना जडलेल्या व्याधीसारखी सोबत करीत आहे. पान खात खात त्यांनी चुलतभावाचा वाटपाचा कागद हातात घेतला. त्या बिचाऱ्याने कागदावर प्रथम तिन्ही पात्यांचे आणि आत्याचे टक्के लिहिले होते, आणि आमच्या पातीखाली, ओळ किंचित आत घेऊन, आम्हां पाच जणांची नावे व प्रत्येकासमोर ‘२० टक्के’ असे लिहिले होते. कशाचे २० टक्के, ते लिहिले नव्हते. आमच्या घरात ते सर्वांना ठाऊक होते, म्हणून लिहिले नव्हते. साऱ्या अनर्थाचे मूळ त्या न लिहिलेल्या एका शब्दात आहे, असे माझे मत आहे.

भावजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “भाऊसाहेब, तुम्हांला वीस टक्के आणि आमच्या आईंना दहाच? लेकीला निम्मे, असे आजोबा लिहून गेले होते काय?”

“भावजी, माझे वीस टक्के आमच्या पातीच्या तिसांतले आहेत,” मी म्हणालो. “आत्याचे दहा टक्के अख्ख्या बागेचे आहेत. मला एकूण सहा टक्केच पडतात.”

“वीसाचे सहा कसे होतील?”

“तिसाचे वीस टक्के काढा. तीस गुणिले वीस भागिले शंभर. सहा.”

“गुणाकार केल्यावर आकडा वाढतो,” भावजी शांतपणे म्हणाले. “तुमचा घटला. म्हणजे कुठेतरी चूक आहे.”

या वाक्यापुढे मी क्षणभर स्तब्ध झालो, हे मान्य केले पाहिजे. वाटते तितके ते वाक्य मूर्खपणाचे नाही. एकाहून लहान आकड्याने गुणले की गुणाकार लहानच होतो, ही गोष्ट शाळेत शिकूनही पुष्कळांच्या अंगात मुरत नाही, आणि २० टक्के हा आकडा दिसायला वीस असला तरी प्रत्यक्षात तो एक पंचमांश आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी टक्के सोडून झाडांवर आलो. मी म्हणालो, “साठ कलमे आहेत. त्यांतली अठरा आमच्या पातीची. अठरांचे पाच भाग केले की प्रत्येकाला साडेतीन कलमे आणि वर थोडे, म्हणजे तीन पूर्णांक सहा दशांश. आत्याची कलमे सहा. आता सांगा, जास्त कोणाची?”

भावजींनी यावर विचार केला. खिडकीतून बागेकडे पाहिले. मग म्हणाले, “ते सहा दशांश कलम कोणते?”

“कोणतेही नाही. तो हिशेब आहे.”

“नाही, पण तोडणार कसे? उभे की आडवे? उभे तोडले तर मुळे कोणाची?”

पुढची दहा मिनिटे जमलेले सोळा जण माझे कलम कसे तोडावे यावर बोलत होते, आणि माझ्या सख्ख्या भावाने आडवे तोडण्याच्या बाजूने मत दिले. हरलेल्या माणसाने शेवटी सरकारचा आधार घ्यावा, तसा मी घेतला. मी म्हणालो, “भावजी, तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात आयकर भरत होता ना? त्यावर चार टक्के उपकर असतो. म्हणून त्या टप्प्यातल्या उत्पन्नावर तुम्ही चोवीस टक्के भरलेत काय? नाही. उपकर हा कराच्या रकमेवर असतो. विसाचे चार टक्के म्हणजे शून्य पूर्णांक आठ दशांश, म्हणून एकूण वीस पूर्णांक आठ दशांश टक्के.”

“तो सरकारचा हिशेब,” भावजी म्हणाले. “घरात तो चालत नाही.”

एवढ्यात खानावळीचा मुलगा बिल घेऊन आला. सोळा ताटे, दीडशे रुपये ताट, एकूण २,४०० रुपये. प्रत्येकाने आपापल्या ताटाचे दीडशे दिले असते, तर प्रकरण तिथेच संपले असते. पण भावजींनी हात वर केला आणि ज्याचे उत्पन्न जास्त त्याने खर्च जास्त करावा, असे तत्त्व मांडले. तत्त्व उदात्त असल्यामुळे कोणी विरोध केला नाही. मग त्यांनी तोच कागद पुढे ओढला आणि समोरच्या टक्क्यांप्रमाणे आकारणी सुरू केली. मधल्या पातीचे तीस टक्के, ७२० रुपये. धाकट्या पातीचेही ७२०. आत्याचे दहा टक्के, २४०. आणि आम्हां पाच जणांचे प्रत्येकी वीस टक्के, म्हणजे प्रत्येकी ४८०, आईचे धरून.

आमच्या पाच जणांचे पाच वेळा ४८० म्हणजे २,४०० रुपये होतात. अख्खे बिल! हे मी ओरडून सांगितले. कागदावरची बेरीज करून पाहा, असेही सांगितले; कारण वाटणीत घोळ झाला आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हीच आहे, की सगळे हिस्से मिळून शंभर भरले पाहिजेत. भावजींच्या यादीची बेरीज १७० टक्के होत होती. साठ कलमांच्या बागेत एकशे दोन कलमे वाटण्यासारखेच ते होते.

भावजींनी पैसे गोळा केले, मोजले, आणि त्यांच्या हातात ४,०८० रुपये भरले. बिलापेक्षा १,६८० रुपये जास्त! मला वाटले, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. भावजींनी नोटा दुसऱ्यांदा मोजल्या, खानावळीच्या मुलाकडे संशयाने पाहिले आणि म्हणाले, “तुझ्या मालकाने बिल कमी लावले आहे.”

मुलगा घाबरून ताटे मोजू लागला. मी डोक्याला हात लावला.

तेव्हा कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली आत्या प्रथमच बोलली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे; पण ज्या काळात शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी रोज संध्याकाळी घोकून घेत, त्या काळातली ती चौथी आहे. अपूर्णांकाचा अपूर्णांक हा तिच्यासाठी विचार करण्याचा विषयच नाही, तो तोंडात बसलेला आहे. ती म्हणाली, “जावईबापू, रुपयाचा पाव किती? चार आणे. चार आण्यांचा पाव? एक आणा. पावाचा पाव आणा, हे आम्ही सात वर्षांच्या असताना म्हणत होतो. याचा हिस्सा पावाच्या पावाहूनही जरा कमीच आहे, म्हणजे रुपयात आणासुद्धा पुरा नाही. माझा दीड आण्याच्या वर आहे. आणि तुम्ही मला याच्या निम्मे म्हणता?”

मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. आणा म्हणजे सव्वासहा टक्के, माझे सहा. आत्याचे दहा टक्के म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश आणे. हातातल्या सुपारीवरची नजर न हलवता म्हातारीने अचूक सांगितले होते. मला तिच्या पाया पडावेसे वाटले.

“आई, आणे १९५७ साली बंद झाले,” भावजी म्हणाले.

यानंतर कोणी काही बोलले नाही. जास्तीचे १,६८० रुपये भावजींनी ‘पुढच्या वर्षीच्या जेवणासाठी’ म्हणून स्वतःच्या पाकिटात ठेवले. मी आईचे ४८० तरी परत मागितले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, आवाज हळू करून सांगितले की भाऊसाहेब, एवढे मनाला लावून घेऊ नका, उद्या आई गेल्या की त्यांचा हिस्सा तुम्हां चौघांत येईल आणि तुमचे विसाचे पंचवीस होतील. माझी आई धडधाकट आहे. तिची खिचडी मी भरलेली आहे. आणि ते पंचवीससुद्धा तिसांतलेच असतील, म्हणजे एकूण साडेसातच, हे सांगण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

निघताना करारदाराने घरच्यांसाठी म्हणून पाठवलेली पाच डझनांची एक पेटी उघडली गेली. साठ आंबे होते. ते वाटण्याचे काम अर्थातच भावजींकडे गेले. मी पिशवी घेऊन पुढे झालो आणि मनाशी म्हटले, वीस टक्के म्हणजे बारा आंबे, चला, निदान इथे तरी वसूल होतील.

भावजींनी कागद पाहिला, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि बोटांवर काहीतरी मोजले.

“तिसाचे वीस टक्के,” ते म्हणाले. “तुमचे तीन पूर्णांक सहा दशांश.”

त्यांनी माझ्या पिशवीत तीन आंबे टाकले, चौथा हातात घेऊन देठापासून खालपर्यंत निरखला आणि पेटीत परत ठेवला.