मूळ कागद घालवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मूळ कागद जपून ठेवणं हे संशयी माणसाचं लक्षण. तुम्ही तसे नाही. तुमचा माणसांवर विश्वास आहे, झेरॉक्सवर त्याहून जास्त आहे, आणि नोटरीच्या शिक्क्यावर तर कुलदैवतापेक्षाही जास्त. तेव्हा दिवाणी दावा लावू इच्छिणाऱ्या विश्वासू मंडळींसाठी हे थोडं मार्गदर्शन. निमित्त परवाच्या उलटतपासाचं. आमचे पक्षकार नाना पिंजऱ्यात उभे होते आणि मी टेबलाखाली पायाची बोटं मोजत होतो.

सुरुवात इसारपावतीपासून करू. पैसे दिले, सह्या झाल्या, की मूळ पावती जमीन विकणाऱ्याच्याच हातात ठेवा. ‘बँकेत दाखवायचीय, उद्या आणून देतो’ एवढं त्याने म्हटलं की पुरे. पोच मागू नका, गावातला माणूस आहे, बरं दिसत नाही.

खरेदीखताच्या बाबतीत मात्र ही मजा येत नाही. नोंदणीकृत दस्त हरवला तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते, आणि नोंदणी कायद्याच्या कलम ५७(५) प्रमाणे मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती चालते. म्हणून व्यवहार शक्यतो घरातच, नोंदणीशिवाय करावा.

झेरॉक्स कोणी काढली, कुठे काढली, कशावरून काढली, हे लक्षात ठेवू नका. मूळ पावतीवरून यंत्राने काढलेली प्रत कायदा दुय्यम पुरावा, म्हणजे मूळाच्या जागी देता येणारा पुरावा, म्हणून ओळखतो, मूळाशी ताडून पाहिलेली नक्कलही ओळखतो. पण नकलेवरून उतरवलेली आणि मूळाशी कधी न ताडलेली नक्कल दुय्यम पुराव्यातही बसत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलमाखालच्या उदाहरणातच लिहिलेलं आहे. तुमच्याकडची प्रत झेरॉक्सच्या झेरॉक्सची असेल, तर पहिली मूळावरूनच निघाली होती हे सांगायला कोणीतरी लागेल. ते सांगू शकणाऱ्या भाच्याशी वेळीच भांडून घ्या.

मग नोटरीकडे जा. ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून घ्या. त्यांनी मूळ पाहिलं का, हे विचारणं असभ्यपणाचं. कायद्यातली ‘प्रमाणित नक्कल’ म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात सार्वजनिक दस्त आहे त्याने फी घेऊन, सही करून दिलेली नक्कल. तुमच्या खासगी इसारपावतीची तशी नक्कल कोणी देऊ शकत नाही, शिक्का कितीही गोल असला तरी. पण कागद दिसायला भारदस्त होतो.

मूळ पावती सापडलीच, तर लॅमिनेट करा.

व्हॉट्सॲपवर फोटो असेल तर ‘मोबाईलमध्ये आहे ना’ म्हणून निश्चिंत राहा आणि फोन एक्स्चेंजमध्ये द्या. मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात ठणकावून सांगितलं. जालना आपल्यापासून लांब आहे.

आता मुख्य कला. मूळ कुठे आहे याच्या दोन गोष्टी तयार ठेवा आणि दोन्ही सांगा. दाव्यात लिहा, ‘मूळ इसारपावती प्रतिवादीच्या ताब्यात आहे.’ सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या साक्षीच्या प्रतिज्ञापत्रात लिहा, ‘मूळ पावती गहाळ झाली आहे.’ नानांनी नेमकं हेच केलं. दावा आधीच्या वकिलांनी लिहिला होता आणि प्रतिज्ञापत्रासाठी नानांनी मला जे सांगितलं ते वेगळंच होतं. विसंगती मी दाखवली, तेव्हा नाना म्हणाले, ‘दोन्ही खरंच आहे की, त्याच्याकडून गहाळ झालीय.’ हे त्यांना कसं कळलं? त्यांना वाटतं.

अहो, या दोन गोष्टींचे रस्ते वेगळे आहेत! मूळ विरुद्ध बाजूकडे असेल तर आधी ते हजर करण्याची नोटीस द्यावी लागते. नोटीस देऊनही त्याने आणलं नाही, की मग प्रतीचं दार उघडतं. नोटिशीला अपवाद आहेत. दाव्याच्या स्वरूपावरूनच त्याला मूळ आणावं लागणार हे कळत असेल, किंवा त्याने ते फसवून वा जबरदस्तीने नेलं असेल, तर नोटीस लागत नाही. पण मग तसं सांगा तरी! आणि हरवलं म्हणायचं असेल, तर कोणाच्या ताब्यात असताना, साधारण केव्हा, कुठे कुठे शोधलं, हे सांगावं लागतं. शिवाय ते तुमच्याच हलगर्जीपणामुळे हजर करता येत नाही, असं दिसून चालत नाही. परवा कोर्टात काय झालं?

‘मूळ कुठे आहे?’
‘हरवलं.’
‘कोणाकडून?’
‘त्यांच्याकडून.’
‘तुम्ही तेव्हा तिथे होतात?’
‘नाही.’
‘ही झेरॉक्स कोणी काढली?’
‘घरात होती.’

झेरॉक्स घरात होती! घरात काय झाडाला लागली होती? समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, आणि कागदाला पुराव्यात घेतल्याची निशाणी मिळायची ती मिळाली नाही. नाना बाहेर येऊन मला विचारतात, ‘पण साहेब, सही तर त्याचीच आहे ना?’

सही! एका मुखत्यारपत्राच्या झेरॉक्सवरची सही उलटतपासात संबंधित माणसाने कबूल केली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की सही कबूल केली म्हणजे मजकूर सिद्ध झाला असं नाही, आणि मूळ का नाही याचा पाया घातल्याशिवाय प्रत वाचता येत नाही. नानांच्या प्रतिवादीने तर सहीही नाकारली आहे. म्हणजे आधी मूळ दस्त झाला होता हे दाखवा, मग तो का आणता येत नाही ते, मग ही प्रत त्याचीच हे, आणि शेवटी सही त्याची हे. चारही वेगळी कामं आहेत आणि शिक्क्याने त्यातलं एकही होत नाही.

यावर ‘दुय्यम पुराव्याच्या परवानगीचा अर्ज द्या की’ हा सल्ला पारावरून मिळतो. असा स्वतंत्र अर्ज लागत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून झालंय. पाया पुराव्यातच घालायचा असतो. परवानगी मिळाली तरी पुढचं सगळं उरतंच. पंजाबातल्या एका मृत्युपत्राच्या प्रकरणात मूळ मृत्युपत्र नोंदीसाठी महसूल कर्मचाऱ्याकडे दिलं आणि परत मिळालंच नाही. तिथे २०२० मध्ये दुय्यम पुरावा द्यायला मुभा मिळाली, पण त्याच निकालात न्यायालयाने लिहिलं की मुभा म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नव्हे.

एक आशा उरते: समोरचा वकील डुलक्या घेत असावा. कागद पुराव्यात घेताना सिद्ध करण्याच्या पद्धतीवर त्याने हरकत घेतली नाही, तर नंतर घेता येत नाही. या भरवशावर दावा लावायचा असेल तर आधी त्याच्या झोपेची चौकशी करून या.

आणि हो, १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला. दुय्यम पुराव्याच्या कलम ६३ चं ५८ झालं, ६५ चं ६० आणि नोटिशीच्या ६६ चं ६४. कलमांचे आकडे बदलले, तुमची कागदांची प्लॅस्टिकची पिशवी तीच राहिली.

बास झालं. नीट ऐका. मूळ कोणाला देत असाल तर त्याची सही असलेली पोच घ्या, तारखेसकट. देण्याआधी मूळावरून स्वतः प्रत काढा आणि सोबत दुसरा माणूस ठेवा, जो उद्या साक्षीला येईल. हरवलं असेल तर त्याच आठवड्यात पोलिसांत कळवा, दावा चालू झाल्यावर नाही. ते कोणाकडे आहे याचं एकच उत्तर ठरवा, आणि ते खरं असू द्या. वकिलाला पहिल्या दिवशी सांगा, साक्षीच्या आदल्या रात्री फोनवर नाही. आणि मूळ हजर करण्याची नोटीस पाठवू का विचारलं की ‘नको साहेब, संबंध बिघडतील’ हे मला पुन्हा ऐकवू नका. त्या माणसावर तुम्ही दावा लावलाय नाना, अजून कुठले संबंध राहिलेत?