मशीनची परवानगी मागताना पाण्याची वाट दाखवा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवण्याची परवानगी मी घरमालक काकांकडे मागितली, तेव्हा त्यांनी आधी साफ नकार दिला. भाडेकरू म्हणून मला राग आला होता, पण आता वाटते की चूक माझ्या मागण्याच्या पद्धतीत होती. मी फक्त "मशीन लावू का?" असे विचारले होते आणि पाणी कुठे सोडणार, याचा विचारही केला नव्हता.

बाल्कनीच्या कोपऱ्यात जाळी होती, त्यामुळे सोय आयती आहे, असे मी गृहीत धरले होते. काकांनी मला बादलीभर पाण्यात नीळ कालवून त्या जाळीत ओतायला लावली आणि आम्ही दोघे खाली जाऊन उभे राहिलो. निळे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये न जाता पावसाळी पाईपमधून थेट कंपाउंडलगतच्या उघड्या गटारात पडले. तो पाईप फक्त पावसासाठी असतो आणि साबणाचे पाणी त्यात सोडले की फेस खालच्या मजल्यावरच्या जाळीतून वर येतो. शिवाय ते मैले पाणी गटारातून नाल्यात आणि तिथून पंचगंगेकडे जाते, ते वेगळेच.

मग प्लंबरला बोलावून मी नवा अर्ज लिहिला. बाल्कनी आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीला जमिनीलगत एकच भोक कोअर कटिंगने पाडायचे, त्यातून दीड इंची पाईप बाथरूमकडे उतार देऊन नहाणी ट्रॅपपर्यंत न्यायचा आणि भोकाभोवतीची फट वॉटरप्रूफ सिमेंटने भरायची. पाणी घेण्यासाठी बाथरूमच्या थंड पाण्याच्या लाईनवर टी जोडून स्वतंत्र कॉक बसवायचा. खर्च माझा, आणि घर सोडताना भोक बुजवून देण्याची जबाबदारीही माझीच. हे सगळे एका पानात लिहून, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला, तेव्हा काकांनी त्यावर सही केली.

तरीही एक गोष्ट चुकलीच. प्लंबरने मशीनचा आउटलेट पाईप खाली जमिनीलगतच पाईपच्या तोंडात खुपसला होता. मशीनमध्ये पाणी भरत होते आणि त्याच वेळी सायफनने बाहेरही पडत होते, त्यामुळे पाणी भरणे संपतच नव्हते. बाथरूममध्ये डोकावल्यावर नहाणीत संथ धार दिसली, तेव्हा कारण कळले. दीड इंची पाईप सुमारे अडीच फूट उभा वर नेऊन आउटलेटचे टोक त्यात वरून सैल, हवेला फट राहील असे सोडल्यावर धार थांबली.

काकांनी अर्जाच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: घर सोडताना भोक बुजवू नये, कॉक आणि पाईप पुढच्या भाडेकरूसाठी तसेच ठेवावेत.