अंगठा म्हणतो, हवा कमी

माझं वजन ९२ किलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ त्यातच आहे. डॉक्टर "घाम गाळा" म्हणाले आणि मी रंकाळ्याकडच्या घरातून उद्यमनगरातल्या कामावर जायला सायकल घेतली. दुकानातल्या पोरानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तरीही २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरची सायकल हातात दिली. टायर माझ्या अंगठ्याहून जेमतेम जाड.

पावसाळ्याचे दिवस होते. पहिल्याच आठवड्यात तीन पंक्चर झाली. तिन्ही मागच्या चाकाला आणि तिन्ही खड्ड्याच्या काठावर धप्पकन आदळल्यावर.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे दोन जागांहून निघाले, अगदी शेजारीशेजारी.

"साहेब, साप डसलाय जणू," मामा म्हणाले.

"काटा असेल हो."

"काट्याचं एकच भोक पडतंय. ह्या दोन चिरा हायत. हवा कमी, त्यात तुमचं वजन. खड्ड्याच्या कडेला टायर पार चेपलं, रिमच्या दोन्ही कडांनी ट्यूबला चिमटा घेतला."

निदान पटलं. पण हवा कमी कशी? रोज सकाळी मी टायर अंगठ्यानं दाबून बघायचो, दगडासारखं लागायचं. पुढे गेजवाला उभा पंप आणला तेव्हा कळलं, ते दगडासारखं टायर म्हणजे ५० पीएसआय होतं. अंगठ्याला ५० आणि ९० सारखेच लागतात.

मग मी उलट्या टोकाला गेलो. टायरच्या कडेवर कमाल १०० लिहिलेलं होतं. ते 'याच्या वर जाऊ नका' असं सांगतं, 'इतकी भरा' असं नाही, पण आम्हाला काठोकाठ भरायची सवय. १०० भरली. चिमटे थांबले, पण आता प्रत्येक खडा थेट मणक्याशी बोलायला लागला. डब्यातल्या पांढऱ्या रश्श्याचं झाकण उघडलं आणि बॅगेतल्या बिलांना ओल्या नारळाचा वास यायला लागला. साहेबांनी बिलं हुंगून पाहिली, सह्या मात्र केल्या नाहीत.

म्हणजे कमी भरावी तर साप, जास्त भरावी तर रस्सा. मध्ये कुठंतरी बरोबर आकडा असेल म्हणून मी आठवडाभर ९०, ८५, ८० करत बसलो. ८० ला एक चिमटा बसलाच. माझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये सोयीचा आकडाच नव्हता. टायर बारीक म्हणजे आत हवेला जागा कमी, मग तेच वजन पेलायला दाब जास्त लागतो. रुंद टायर तेच वजन कमी दाबावर पेलतं. शिवाय रस्ता आणि रिम यांच्यामध्ये त्याची उंचीही जास्त असते.

तेव्हा ३५ मिलिमीटरची टायरं घातली. त्याआधी फोर्क आणि ब्रेकपाशी ती घासणार नाहीत ना, हे मोजून घेतलं. मागचं मडगार्ड मात्र घासायलाच लागलं, ते काढून टाकलं. आता पाऊस पाठीवर खालून वर येतो. मागे ६०, पुढे ४५ भरतो. माझं जास्त वजन मागच्या चाकावर पडतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखी भरण्यात अर्थ नाही. तेव्हापासून चिमटा एकही नाही आणि रस्सा डब्यातच राहतो.

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण नवी टायरं घेताना मी दीडशहाणेपणा करून आत पंक्चररोधक पट्टा असलेलीच घेतली होती, आणि "आता पंक्चर विसरा" असं अख्ख्या ऑफिसला सांगून चहाही पाजला होता. पंधराव्या दिवशी मागचं चाक बसलं. मामांनी ट्यूब बुडवली. एकच बारीक भोक. मामांनी पॅच लावला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेच. तेव्हा मामांनी टायर उलटं करून आतून बोटं फिरवली, हळूच, आणि "हां" म्हणून चिमट्यानं केसाएवढी तार ओढून काढली. लेथवरचा लोखंडी कीस. उद्यमनगरात रस्त्याच्या कडेला तो भाकरीच्या तुकड्यांसारखा पसरलेला असतो. पट्टा ट्रेडखाली असतो आणि काचेचे तुकडे, काटे अडवतो, पण इतकी बारीक तार त्यातूनही वाट काढते. आणि चिमट्याच्या पंक्चरला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथं वैरी बाहेर नसतोच, आपल्याच रिमच्या रूपानं आत बसलेला असतो.

परवा मामांच्या दुकानावरून चाललो होतो. त्यांनी हात करून थांबवलं, खाली वाकून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं आणि मान हलवत म्हणाले,

"साहेब, हवा कमी हाय."