बिलांचा फोल्डर म्हणजे हिशोब नव्हे

"फ्रीलान्सर मंडळींनो, तास लिहिणं सोडा. माइलस्टोन ठरवा, 40 टक्के आधी घ्या. पैसे आधी हातात आले की आपण सेफ. कायमच्या क्लायंटला महिन्याला ठरावीक रकमेचा रिटेनर लावा, तिथे तर तास मोजायचा प्रश्नच नाही. आणि कुणाकडून किती येणं बाकी आहे ते बिलांच्या फोल्डरमध्ये दिसतंच, वेगळी वही कशाला?"

हा सल्ला नेहमी कानावर येतो. माइलस्टोन ठरवा, आधी पैसे घ्या, इथवर माझं काही भांडण नाही. नव्याने धंद्यात उतरलेल्यांना मीही तेच सांगतो. पुढचं मात्र एकेक करून तपासू, आणि तेही आकड्यांवर.

समजा सांगलीची हळद-मसाले विकणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिला ऑनलाइन विक्रीची वेबसाइट हवी आहे. काम ठरलं 2,40,000 रुपयांना. तुम्ही मनाशी अंदाज बांधलात 200 तासांचा: डिझाइनला 60, बांधणीला 100, माल चढवणं आणि तपासणीला 40. म्हणजे तासाला 1,200 रुपये पडतात. करारात हप्ते असे: सही झाल्यावर 40 टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर 30, साइट सुरू झाल्यावर 30.

डिझाइन मंजूर झालं. तोवर दोन बिलं गेली, 96,000 आणि 72,000. एकूण 1,68,000 रुपये, आणि समजा पैसेही आले. फोल्डर उघडलात तर चित्र झकास दिसतं, 70 टक्के वसुली झालेली. पण काम किती झालंय? फक्त डिझाइन, म्हणजे 200 पैकी 60 तासांचं, 72,000 रुपयांचं. उरलेले 96,000 रुपये ही उचल आहे. ते काम अजून व्हायचंय, म्हणजे तेवढं तुम्ही क्लायंटचं देणं लागता. इथून पुढे 140 तास काम करायचंय आणि बिल करता येणार आहे फक्त 72,000 रुपयांचं, तासाला जेमतेम 514 रुपये. मधल्या काळात ते 96,000 घरभाड्यात आणि नव्या लॅपटॉपमध्ये गेले असतील, तर बांधणीचे दोन महिने जुनं देणं फेडण्यात जातात. तंगी येते ती नेमकी इथेच, आणि माणूस म्हणतो काम तर भरपूर आहे, पैसा कुठे जातोय कळत नाही.

आता तास लिहिण्याबद्दल. बिलावर तास दाखवू नका, अगदी बरोबर. ठोक रकमेच्या कामात क्लायंटला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण स्वतःसाठी लिहिले नाहीत तर डिझाइनला 60 ऐवजी 84 तास गेले हे कळणारच नाही. आणि या जादा 24 तासांचे पैसे ठोक कामात आपोआप मिळत नाहीत, म्हणून झालेल्या कामाची किंमत 84 गुणिले 1,200 अशी धरायची नाही. ती 72,000च. तासांची नोंद लागते ते जादा तास कुठून आले हे पाहायला. समजा करारात बदलांच्या दोन फेऱ्या होत्या. तुमच्या नोंदीत दिसतं की 24 पैकी 15 तास तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत गेले, बाकीचे 9 तुमचा अंदाज चुकला म्हणून. ते 9 तुमच्या पदरात. पण 15 तासांचे 18,000 रुपये हे कराराबाहेरचं काम आहे. आता यात एक मेख आहे: हे 18,000 मागता येतात ते तिसरी फेरी सुरू होण्यापूर्वी "याचे वेगळे पैसे होतील" अशी एक ओळ मेलवर गेली असेल आणि समोरून हो आलं असेल तरच. काम उरकल्यावर पाठवलेलं जादाचं बिल बहुतेक वेळा सवलतीत विरघळतं. रोज तास लिहिणाऱ्याला दुसरी फेरी संपतानाच दिसतं की ती मेल आज पाठवायची आहे.

हीच वेबसाइट दोन महिन्यांनी पाहू. बांधणी पूर्ण, तपासणीचं अर्धं काम झालं. झालेल्या कामाची किंमत 72,000 अधिक 1,20,000 अधिक 24,000, म्हणजे 2,16,000. बिलं मात्र अजून 1,68,000 चीच. आता पारडं उलटं झालं: 48,000 रुपयांचं काम झालंय पण बिलात आलेलं नाही. साइट सुरू का होत नाही? कंपनीकडून मसाल्यांच्या पाकिटांचे फोटो येत नाहीत. शेवटचा हप्ता "साइट सुरू झाल्यावर" असल्यामुळे तुमच्या हातात काही नाही. फोल्डरमध्ये सगळी बिलं भरलेली, थकबाकी शून्य. या 48,000 चा तिथे मागमूसही नसतो, कारण जे बिल निघालंच नाही ते फोल्डरमध्ये दिसणार कसं?

यावरचा उपाय करारातच करायचा असतो. माइलस्टोन असा लिहा की तो तुमच्या हातून पूर्ण होईल: "तयार साइट तपासणीसाठी सोपवल्यावर 20 टक्के, सोपवल्यापासून 10 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मंजूर समजण्यात येईल." उरलेले 10 टक्के साइट सुरू होण्यावर ठेवा. क्लायंटलाही काहीतरी हातात राखलेलं हवं असतं, ते रास्तच आहे.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल "नंतर कधीतरी काढू" असंही चालत नाही. तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा करार आणि हप्त्याने पैसे असतील, तर हप्ता ज्या टप्प्याला बांधलाय तो टप्पा पूर्ण होईल त्या दिवशी किंवा आधी बिल निघायला हवं. आणि बिलाआधीच उचल आली, तर सेवेच्या बाबतीत त्या रकमेवर ती आल्याच्या महिन्यात कर लागतो. तेव्हा रिसीट व्हाउचर द्यायचं, GSTR-1 या विवरणात ती रक्कम 11A तक्त्यात दाखवायची आणि पुढे बिल काढल्यावर 11B तक्त्यात वळती करायची. वळती करायला विसरणारे थोडे नाहीत. एकाच पैशावर दोनदा कर भरतात आणि वर्षअखेरीला सीएकडे जाऊन कपाळाला हात लावतात.

रिटेनरमध्ये तास मोजायचा प्रश्न नाही, हे तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. रिटेनर दोन तऱ्हेचा असतो. एकात क्लायंट तुमची उपलब्धता विकत घेतो. महिन्याचे तास वापरले नाहीत तर गेले. दुसऱ्यात तो तास आगाऊ विकत घेतो आणि लागतील तसे उचलतो. करारात यातला कुठला हे लिहिलेलं नसलं की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा धरतात, आणि पहिले दोन महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

उदाहरण घ्या: महिन्याला 30,000 रुपये, 20 तास, म्हणजे तासाला 1,500. एप्रिलमध्ये 14 तास लागले, मे मध्ये 17, जूनमध्ये सेल लागला आणि 32. तुम्ही म्हणता जूनचे 12 तास जादा, 18,000 रुपये द्या. क्लायंट म्हणतो एप्रिलचे 6 आणि मे चे 3 शिल्लक होते, म्हणजे जादा फक्त 3, घ्या 4,500. दोघंही आपल्या परीने खरे.

बरं, "न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील" असं लिहिलंत तरी भागत नाही. मे मध्ये लागलेले 17 तास आधी कुठल्या साठ्यातून गेले? आधी एप्रिलचे 6 वापरले असं धरलं तर मे चे 11च खर्च झाले, जूनसाठी 9 उरले आणि जादा 3. आधी मे चे स्वतःचे वापरले असं धरलं तर एप्रिलचे 6 बाद झाले, जूनसाठी 3 उरले आणि जादा 9, म्हणजे 13,500. एकच कलम, एकच नोंद, आणि बिलात 9,000 रुपयांचा फरक. म्हणून करारात क्रमही लिहा. माझं मत विचाराल तर जुने तास आधी वापरले जावेत. क्लायंटला ते पटतं. त्याची भरपाई म्हणून पुढे ओढायच्या तासांवर 5 ची मर्यादा घाला. आणि दर महिन्याच्या बिलाखाली तीन आकडे टाका: मागचे शिल्लक, या महिन्यात वापरलेले, पुढे नेलेले. जूनची भांडणं एप्रिलच्या बिलावरच मिटतात.

राहता राहिली वही. फार काही लागत नाही, एका फाइलमध्ये दोन शीट. 'काम' या शीटमध्ये E रकान्यात झालेल्या कामाची किंमत, 'बिल' या शीटमध्ये D रकान्यात बिलाची रक्कम. दोन्हीकडे B रकान्यात क्लायंटचं नाव. तिसऱ्या शीटवर A2 मध्ये क्लायंट लिहून शेजारी हे टाका:

```
=SUMIFS('काम'!E:E,'काम'!B:B,A2)-SUMIFS('बिल'!D:D,'बिल'!B:B,A2)
```

उत्तर अधिक आलं तर तेवढं काम बिलाविना पडलंय. उणे आलं तर तेवढी उचल फेडायची आहे. सांगलीच्या कंपनीपुढे डिझाइननंतर उणे 96,000 दिसेल आणि दोन महिन्यांनी अधिक 48,000.

यात एक चूक हमखास होते. 'बिल' शीटमध्ये बँकेत आलेला आकडा भरला जातो. पहिला हप्ता 96,000 चा. त्यावर 18 टक्के जीएसटी 17,280. कंपनीने 10 टक्के टीडीएस कापला तर 9,600 वजा, कारण जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर कापतात. खात्यात आले 1,03,680. यातला एकही आकडा कामाच्या किमतीशी ताडून पाहण्याजोगा नाही, 96,000 सोडून. तेव्हा दोन्ही शीटमध्ये जीएसटीआधीची आणि टीडीएस कापण्यापूर्वीची रक्कम धरा. क्रेडिट नोट दिली तर तीही 'बिल' शीटमध्येच उणे चिन्हासह.

आणि 'सेफ'चं म्हणाल तर, डिझाइन मंजूर झाल्यावर कंपनीने काम मध्येच थांबवलं असं धरा. त्यांचा पहिला प्रश्न असेल, आमचे किती परत येतात? करारात थांबवण्याचं कलम नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला फक्त ही शीट असते. 96,000 पूर्ण परत करायचे, की त्यातून मान्य झालेल्या जादा फेऱ्यांचे 18,000 वजा करून 78,000, यावर त्या दिवशी बोलता येतं. जी रक्कम परत जाईल तिची क्रेडिट नोट काढायची, आणि ती बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरच्या आत विवरणात दाखवायची. ती तारीख हुकली तर क्लायंटचे पैसे परत जातात, पण त्यावर सरकारला भरलेला कर तुमच्याच खिशातून गेलेला राहतो.