पत्रक जुळलं, पण कॅशबुक चुकलेलंच

“बँक जुळवणीची सोपी ट्रिक : पासबुकात आहे आणि कॅशबुकात नाही, ते सगळं कॅशबुकात घ्या. चेकचे फरक कॅशबुकात कधीच घेऊ नका, ते फक्त जुळवणी पत्रकात. पत्रक जुळलं की उत्तर बरोबर.”

हा मेसेज परीक्षेच्या तोंडावर माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने तो वहीत उतरवूनही घेतला, म्हणून हे लिहितोय.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. बँकेचं शुल्क, व्याज, ग्राहकाने परस्पर खात्यात भरलेली रक्कम हे सगळं कॅशबुकात जातंच. पण बँकेने दुसऱ्याच खातेदाराचा चेक आपल्या नावे टाकला तर? तोही पासबुकात आहे आणि आपल्याकडे नाही. तो कॅशबुकात जमा बाजूला घेतलात, तर समोर नावे कोणाचं खातं टाकणार? चूक बँकेची आहे, ती बँकच दुरुस्त करील. तोवर ती पत्रकातच राहते.

खरं नुकसान दुसऱ्या वाक्यात आहे. दिलेला चेक वटायचा राहिला किंवा भरलेला अजून जमा झाला नाही, हे फरक पुढच्या काही दिवसांत आपोआप मिटतात. भरलेला चेक न वटता परत आला, तर तो फरक मात्र आपण नोंद करेपर्यंत तसाच राहतो. ग्राहकाचं खातं नावे, बँक जमा, ही नोंद करावीच लागते.

आकड्यांत बघा. कॅशबुकाची नावे शिल्लक २०,०००. न वटलेले दिलेले चेक ६,०००, जमा न झालेले ४,०००, शुल्क २००, परत आलेला चेक ३,०००, बँकेने चुकून नावे टाकलेले १,५००. कॅशबुकात फक्त शुल्क आणि परत आलेला चेक घेतला, की शिल्लक १६,८०० होते. तिच्यात ६,००० मिळवा, ४,००० आणि १,५०० वजा करा : पासबुक १७,३००.

आता ट्रिकने करा. शुल्क आणि बँकेची चूक कॅशबुकात घेतली, शिल्लक १८,३००. मग पत्रकात ६,००० मिळवा, ४,००० आणि परत आलेल्या चेकचे ३,००० वजा करा. पुन्हा १७,३००! पत्रक झकास जुळलं. पण ताळेबंदात बँक १,५०० ने फुगली आणि ज्याचा चेक परत आला, त्याच्याकडून ३,००० येणं आहे हे पुस्तकांतून गायबच झालं. जुळणं म्हणजे फक्त बेरीज-वजाबाकी बरोबर असणं. कोणती रक्कम कुठल्या वहीत जायला हवी होती, हे त्यातून कळत नाही. शंका आली तर पुढच्या महिन्याचं पासबुक उघडा. आपण हात न लावता मिटलेले फरक पत्रकातले होते, उरलेले आपल्या कॅशबुकाचे.

प्रश्नात कॅशबुक सुधारायला सांगितलंच नसेल आणि मूळ शिल्लकच घ्यायची असेल, तर मात्र शुल्कासकट सगळे फरक पत्रकातच येतात. म्हणून प्रश्नाची पहिली ओळ नीट वाचा.