‘दुकान चालवून बघा’ म्हणणाऱ्या वाचकास

कॅशबॅकच्या एका पत्रकाचा मजकूर मी मागच्या पोस्टमध्ये नव्याने लिहून दाखवला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “कॅशबॅकचं पत्रक सुधारून दाखवलंत, छान. पण सगळ्या अटी वर आणल्या तर ऑफर दिसायचीच नाही. अटी खाली असतात, ज्याला हव्या त्यानं वाचाव्यात. बाजारात स्पर्धा किती आहे, मार्जिन किती उरतं, याचा पत्ता नसताना उपदेश सोपा असतो. आणि तुमच्या मसुद्यात ९० दिवस नेमके कधीपासून मोजायचे तेच नाही. आधी दुकान चालवून बघा.”

नमस्कार.

मतभेदाचं मला वावडं नाही, पण ‘पत्ता नसताना’ हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? नाशिकच्या मेन रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर उभा होतो. दिवाळीच्या आठवड्यात जेवायला बसायची सोय नसायची. माणूस ओळखीचा नसेल तर निदान एवढी विचारपूस तरी करावी.

‘सगळ्या अटी वर’ असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पोस्ट पुन्हा वाचा. ज्या अटीमुळे गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा बदलतो, तेवढीच वर आणायची. बँकेने ऑफर कधीही मागे घेण्याचा हक्क राखून ठेवलाय, वाद कुठल्या कोर्टात चालेल, ते खाली राहू दे.

ते पत्रक असं होतं: ‘१०% झटपट कॅशबॅक’, त्यावर तारा. ताऱ्याखाली बारीक इंग्रजीत: किमान खरेदी २०,०००, जास्तीत जास्त १,५०० रुपये, फक्त क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर. आता हे जरा मांडून बघा. दहा टक्क्यांनी १,५०० रुपये होतात ते १५,००० च्या खरेदीवर. पण १५,००० ची खरेदी ऑफरमध्ये बसतच नाही. २०,००० ला बसते, तिथे १,५०० म्हणजे साडेसात टक्के. ५०,००० च्या टीव्हीला तीन टक्के. थोडक्यात, त्या ऑफरमध्ये पूर्ण दहा टक्के कुणालाच मिळू शकत नव्हते. एकालाही नाही. आणि तुम्ही म्हणता, ज्याला हवं त्यानं वाचावं!

कुठलीही ऑफर तपासायची तर कमाल रकमेला टक्क्याच्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. जो आकडा येईल तो किमान खरेदीपेक्षा कमी निघाला, तर ती टक्केवारी फक्त नावाची. मग टक्के लिहायचेच कशाला? मी लिहिलं होतं: ‘२०,००० किंवा त्याहून जास्त खरेदीवर १,५०० रुपये परत. फक्त क्रेडिट कार्डावर ईएमआय केला तर. एका कार्डाला एकदाच.’ यात ऑफर दिसत नाही का? मला तर मूळ पत्रकापेक्षा जास्त दिसते.

‘झटपट’ मी काढलं त्याचंही कारण आहे. बिलातून जागेवरच वजा होते ती सूट. कॅशबॅकमध्ये बिल पूर्ण भरायचं असतं, पैसे नंतर कार्डाच्या खात्यात येतात. ज्याला तीन महिने लागतात त्याला झटपट म्हणत नाहीत.

सिडकोतल्या एक मावशी मला आजही आठवतात. ३२,००० चा फ्रिज घेतला होता. बिलाच्या पाठीवर त्यांनी पेनाने वजाबाकी केली होती: ३२,००० वजा ३,२००, बरोबर २८,८००. आकड्याखाली दोन रेघा. तीन महिन्यांनी कार्डाचं स्टेटमेंट आणि तेच बिल घेऊन आल्या, जमा झाले होते १,५००. मी गल्ल्यातलं भिंग काढून ताऱ्याची ओळ त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “मग हे तू तेव्हाच का नाही वाचलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या परत कधी आमच्याकडे आल्या नाहीत. दुकान चालवायचं म्हणता ना, त्यात हेही येतं.

आणि हा माझ्या एकट्याचा हट्ट नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा, ठळक दिसेल असा हवा, आणि मूळ दाव्याला खोडून काढणारा नको. मराठी पत्रकाखाली बारीक इंग्रजी ओळ यात कशी बसते ते तुम्हीच सांगा.

स्पर्धा आणि मार्जिनवर मी काही बोलत नाही. त्या पोस्टचा तो विषयच नव्हता.

९० दिवसांचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते मान्य. मी नुसतं ‘९० दिवसांत’ लिहिलं होतं. त्या ऑफरमध्ये दिवस खरेदीपासून नाही, ऑफर संपल्यापासून मोजायचे होते. म्हणजे १ ऑक्टोबरला घेतलं आणि ऑफर ३१ ला संपली, तर पैसे यायला जानेवारीअखेर उजाडू शकते. पोस्टमधली ओळ आज बदलली आहे: ‘१,५०० रुपये ३१ ऑक्टोबरनंतर ९० दिवसांच्या आत, म्हणजे २९ जानेवारीपर्यंत, कार्डाच्या खात्यात जमा होतील.’