‘शुभेच्छा’ ऐकू येत नाहीत, ‘रामराम’ ऐकू येतो

यंदा पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाता आलं नाही. खान्देशातल्या बायकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकली की माय वर्षभर ऐकवते. मग लेकीनेच तोडगा काढला. ती तिसरीत आहे. म्हणाली, "मी आजी-आबांना ग्रीटिंग लिहिते आणि व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते." चांगला चौदा ओळींचा मजकूर, वर घागर, घागरीवर डांगर, बाजूला झोका, सगळं रंगवून तयार.

दुपारी एक वाजता कॉल लावला आणि पार विचका झाला.

आधी पाच मिनिटं फक्त मायचा कान दिसला. फोन म्हटला की तो कानालाच लावायचा, ही तिची सवय. भाच्याने फोन हातात धरून समोर केला, तर त्याचं बोट खालच्या कडेवर, म्हणजे बरोबर माईकवर. लेक वाचायला लागली तीही कागद तोंडासमोर धरून. त्यात स्वतःच्या छोट्या चौकटीत तिला अक्षरं उलटी दिसली, म्हणून तिने कागदच फिरवून धरला. (ती चौकट आपल्यापुरती आरशासारखी असते, समोरच्याला अक्षरं सुलटच दिसतात. मलाही हे त्याच दिवशी कळलं.) माय मात्र प्रत्येक वाक्याला "हां बेटा, हां" म्हणत होती. मला वाटलं, ऐकू येतंय. शेवटी लेकीने विचारलं, "आजी, सांजोऱ्या किती केल्या?" माय म्हणाली, "हां बेटा, हां."

चौदापैकी एकही ओळ तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पोरगी रडायला आली. आबांनी मागून निकाल दिला, "काई ऐकू नही ई राहिनं, तो फोनच खराब शे."

फोन खराब नव्हता. म्हातारी माणसंही ‘टेक्नॉलॉजीला घाबरतात’ वगैरे काही नव्हतं. माझं मत विचाराल तर हे वाक्य आपण फार सोयीने वापरतो. त्या दुपारी चूक आमच्या बाजूची होती. संध्याकाळी दुसऱ्यांदा कॉल केला तेव्हा ती एकेक करून सापडली.

पहिली गोष्ट मायच्या त्या ‘हां’ची. आपल्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. गप्प बसून ऐकणं म्हणजे लक्ष नसणं. पण फोन स्पीकरवर असला की स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज घुमून ऐकू येऊ लागतो. ते टाळायला फोन तो आवाज गाळत बसतो. दोन्हीकडून एकदम बोलणं आलं की साध्या फोनला त्यातलं नेमकं काय गाळायचं ते कळत नाही, मग तो एकाचा आवाज दाबतो. त्यात नेट सावकाश, म्हणून मायचा हुंकार उशिरा येऊन लेकीच्या पुढच्या वाक्यावर पडायचा. लेक दचकून थांबायची, परत सुरू करायची, तोवर दुसरा ‘हां’. प्रेमाने दिलेला हुंकारच वाक्य खात होता.

मायला ‘मध्ये बोलू नको’ म्हणणं मला जमलं नसतं आणि तिला ते पटलंही नसतं. म्हणून वाचणंच बदललं. एक छोटं वाक्य, मग कागद खाली, मायकडे बघायचं, तिचा हुंकार येऊ द्यायचा, मग पुढचं वाक्य. मी शाळेत असताना गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अंतर्देशीय पत्रं अशीच वाचून दाखवायचे. एक ओळ वाचली की थांबायचं, त्या "बरं, मंग?" म्हणायच्या, मग पुढची ओळ. चौदा ओळी सलग वाचायच्या, हे खूळ शाळेतल्या भाषणांतून आलेलं आहे.

दुसरं, शब्द. लेकीची पहिली ओळ होती, "अक्षय्य तृतीयेच्या हार्दिक शुभेच्छा." वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो. स, श, फ, च, छ असली अक्षरं पुसट होतात, स्वर तेवढे ऐकू येतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण समजत नाही." लहान पोरांचा आवाज तर मुळातच बारीक. तेव्हा ‘शुभेच्छा’ हा शब्द मायपर्यंत पोचेस्तोवर त्याचा नुसता ‘उ-ए-आ’ उरत असणार. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की स्पीकर फाटतो. मी लेकीला म्हटलं, हे खोड आणि लिही, "आजी, आबा, आखाजीना रामराम." र, म आणि मोठा आ. हे आवाज जड असतात, थकलेल्या कानातही शिरतात. आणि मायला ‘अक्षय्य तृतीया’ कॅलेंडरवरच माहीत, ती आखाजीच म्हणते. लेकीला अहिराणी धड येत नाही, तेवढं एक वाक्य तिने दहा वेळा घोकलं.

तिसरं म्हणजे ऊन आणि कूलर. आखाजीच्या दुपारी आमच्या गावात पारा ४३ च्या आसपास असतो. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात, आणि भाच्याने तो पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावूनच कॉल घेतला होता. फोन तापला की स्वतःला सांभाळायला पडद्याचा उजेड कमी करतो. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना अंधुक पडद्यावर नात ओळखूच येईना. वर कूलर घोंघावत होता. त्याची घरघर फोन काढू पाहतो आणि त्या नादात बोलण्यातले हलके आवाजही कापतो.

संध्याकाळी साडेसातला भाच्याला आधी साधा फोन केला. चार्जर काढ, कूलर दहा मिनिटं बंद कर, फोन हातात धरू नको, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेव. दिवा म्हाताऱ्यांच्या पाठीमागे नको, समोर हवा. आवाज कॉल चालू असतानाच वाढव, कारण गाण्यांचा आवाज आणि कॉलचा आवाज वेगवेगळे असतात. आम्हीही इकडे लेकीला ट्यूबलाइटकडे तोंड करून बसवलं, म्हणजे ओठ दिसतील. मायला ओठ बघून निम्मं समजतं, हे तिलाही माहीत नाही. मुंबईची बहीण म्हणत होती, सगळ्या नातवंडांना एकाच कॉलवर घेऊ. मी नाही म्हटलं. वीतभर पडद्यावर आठ चौकटी म्हणजे प्रत्येक चेहरा अंगठ्याएवढा, आणि आठ जणांचा गलका. आपापला कॉल करा.

चौदा ओळींच्या सहा झाल्या. ‘रामराम’ ऐकल्याबरोबर माय खुदकन हसली आणि आबांना म्हणाली, "ऐकं का, आखाजीना रामराम म्हनस ती!" तिसऱ्या ओळीला लेकीने परत विचारलं, "आजी, सांजोऱ्या किती केल्या?" हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असा प्रश्न मी मुद्दामच मध्ये टाकायला सांगितला होता.

"सतरा," माय म्हणाली.

शेवटची ओळ रिकामी ठेवली होती. लेकीने कागद बाजूला ठेवला आणि डोकं टेकवलं. आपण वाचतो आणि ‘बाय’ म्हणून कापतो, म्हाताऱ्यांचा आशीर्वाद तोंडातच राहतो. मायने हात वर करून अर्धा मिनिट काहीतरी म्हटलं. तिचा हात पडद्याबाहेर गेला, पण आवाज स्वच्छ होता, कारण आम्ही सगळे गप्प होतो.

कॉल कसा बंद करायचा ते दोघांनाही माहीत नाही आणि भाचा खेळायला पळाला होता. पडद्यावर नुसता पत्रा आणि लटकता बल्ब. आम्हीही कापला नाही. थोड्या वेळाने आबांचा आवाज आला, "सतरा कोठे व, एकोणीस शेतस त्या. मी मोज्यात."

"दोन तू खाई टाक्यात," माय म्हणाली.